८ लाखांच्या वर २.५ टक्के, पण कशावर? स्लॅबच्या कमिशनचा हिशोब

इतवारी_खातेवही
नमस्कार मंडळी. इतवारीत विजेच्या सामानाची एक वितरण पेढी आहे, पंखे, वायर, स्विच, कूलरच्या मोटारी असा माल. चार सेल्समन आहेत, कामठी, उमरेड, काटोल आणि सावनेर असे रूट. पगार ठरलेला, वर विक्रीवर कमिशन. नेमणुकीच्या पत्रात स्लॅब असे लिहिलेत:

३ लाखांपर्यंत १ टक्का
३ लाखांच्या वर १.५ टक्के
५ लाखांच्या वर २ टक्के
८ लाखांच्या वर २.५ टक्के

एप्रिलमध्ये काटोल रूटची विक्री ८,१२,००० झाली. सेल्समन म्हणतो ८ लाख पार झाले, म्हणजे सगळ्या विक्रीवर २.५ टक्के, माझे २०,३०० होतात. मालक म्हणतात २.५ टक्के फक्त वरच्या १२,००० वर, खालच्या टप्प्यांना खालचे दर, म्हणून १२,३००. एकाच पत्रातून ८,००० चा फरक निघतोय. बरोबर कोणाचं? आणि पुढे हा वाद होऊ नये म्हणून पत्रात नेमकं काय लिहावं?

रूटवाला
बरोबर सेल्समनचं. पत्रात "८ लाखांच्या वर २.५ टक्के" लिहिलंय ना, मग विक्री ८ लाखांच्या वर गेली की दर २.५. एप्रिलच्या उन्हात काटोलपर्यंत गाडी मारणाऱ्याला शेवटच्या १२ हजारांचे ३०० रुपये हातावर ठेवायचे, हे कोणत्या हिशोबात बसते राजेहो?

नंदनवन_४४
आयकराचे स्लॅब २०२५ मध्ये बदलले ना? १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग २०,००० कमिशनवर कसला कर? वाद घालायचं कारणच नाही.

हिंगणा_एचआर
@नंदनवन_४४, प्रश्न कराचा नाही, कमिशन किती द्यायचं याचा आहे. पण विषय निघालाच तर सांगते. पगारी माणसाचं कमिशन त्याच्या पगारातच धरायचं आणि टीडीएस पगाराच्या हिशोबाने कापायचा. बाहेरचा एजंट असेल तर वेगळं. त्याचं कमिशन वर्षाला २०,००० च्या वर गेलं की २ टक्के कापतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी हाच दर ५ टक्के होता. इथे चौघंही पगारी आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडू.

महालकर_आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही पद्धती चालतात, दोन्ही बाजारात आहेत. पत्रातलं वाक्य दोघांनाही पुरतं, म्हणून दोघंही स्वतःला बरोबर समजताहेत.

पहिली पद्धत सगळ्यावर दर. विक्री ज्या टप्प्यात पोचली त्याचा दर पहिल्या रुपयापासून लागतो. ८,१२,००० वर २.५ टक्के, म्हणजे २०,३००.

दुसरी पद्धत टप्प्यापुरता दर. महावितरणच्या घरगुती बिलासारखी. तिथे १०० युनिट ओलांडले म्हणून पहिल्या १०० चा दर वाढत नाही, १०१ व्या युनिटापासून पुढचा दर लागतो. तसंच इथे. पहिल्या ३ लाखांचे ३,०००, पुढच्या २ लाखांचे दीड टक्क्याने ३,०००, त्यापुढच्या ३ लाखांचे दोन टक्क्यांनी ६,००० आणि उरलेल्या १२,००० चे ३००. बेरीज १२,३००.

आता "वर" हा शब्द बघा. "८ लाखांच्या वर २.५ टक्के" याचा अर्थ "विक्री ८ लाखांच्या वर गेल्यास" असाही होतो आणि "८ लाखांच्या वरच्या विक्रीवर" असाही होतो. गडबड त्या एका शब्दात आहे.

गोकुळपेठ_जी
टप्प्यापुरता दर हाच एकमेव सरळ हिशोब. सगळ्यावर दर दिला की महिनाअखेरीला बिलांची फिरवाफिरव सुरू होते. टप्प्यापुरत्या दरात फिरवाफिरवीला जागाच नाही, कारण एका रुपयाने काही बिघडत नाही.

रूटवाला
फिरवाफिरवी म्हणजे काय ते स्पष्ट सांगा ना जी. सगळे सेल्समन काय चोर आहेत?

महालकर_आकडेमोड
चोर कोणीच नाही, पण हिशोब कुठे ओढतो ते बघू. समजा २९ तारखेला विक्री ७,९९,००० आहे. सगळ्यावर दर धरला तर कमिशन २ टक्क्यांनी १५,९८०. आणखी २,००० चा माल गेला की विक्री ८,०१,००० आणि कमिशन २०,०२५. दोन हजारांच्या वायरवर ४,०४५ रुपये कमिशन! त्या मालावर पेढीला सगळा नफा धरून शे-दीडशे रुपये सुटत असतील.

अशा वेळी सेल्समन ओळखीच्या दुकानदाराला म्हणतो, "भाऊ, आज दोन बंडल जास्तीचे उतरवून घ्या, पुढच्या आठवड्यात वापस करा." दुकानदाराचं काही जात नाही. ओळखायचं कसं? महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतली बिलं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतल्या क्रेडिट नोटा शेजारी ठेवायच्या. तीच पार्टी, तोच माल, जवळपास तीच रक्कम दिसली की समजायचं. एखाद्या महिन्यात दिसली तर योगायोग असू शकतो. तीन महिने सलग दिसली तर स्लॅबच तसं करायला लावतोय.

@गोकुळपेठ_जी, तुमचं अर्धं बरोबर आहे. टप्प्यापुरत्या दरात उंबरठ्यावरची उडी जाते. पण फिरवाफिरवीला जागा उरते. कूलरचा धंदा घ्या. मार्चमध्ये विक्री ९ लाख, जुलैत २ लाख. जुलैतल्या शेवटच्या रुपयाला १ टक्का मिळतो, मार्चमधल्याला २.५ टक्के. ५०,००० चं बिल मंद महिन्यातून तेजीच्या महिन्यात सरकवलं की कमिशन ५०० चं १,२५० होतं. म्हणून फेब्रुवारीच्या २७ तारखेची ऑर्डर १ मार्चला बिलात येते. माल दोन दिवस गोदामात पडून राहतो, दुकानदार फोन करत राहतो. इथे वापसी होत नाही, त्यामुळे क्रेडिट नोटांत काही दिसणार नाही. ऑर्डर घेतल्याची तारीख आणि बिलाची तारीख यांतलं अंतर बघावं लागतं.

गोकुळपेठ_जी
हे लक्षात आलं नव्हतं. मग महिन्याऐवजी वर्षाचा एकच स्लॅब ठेवला तर?

महालकर_आकडेमोड
तर महिन्याचं सरकवणं थांबतं. सीमा बाराने गुणायच्या, ३ लाखांच्या जागी ३६ लाख वगैरे. एप्रिलपासूनची विक्री साठवत जायची, दर महिन्याला आतापर्यंतच्या एकूण विक्रीवर कमिशन काढायचं आणि आधी दिलेलं वजा करून फरक द्यायचा. अडचण अशी की एप्रिल, मे, जूनमध्ये सगळे खालच्या दरात असतात आणि हातात कमी पैसा येतो. सेल्समनला ते जड जातं. तिमाहीचा स्लॅब हा मधला मार्ग, पण त्याची सीमाही हंगाम बघूनच निवडावी लागते.

लकडगंज_प्लाय
आमच्याकडे प्लायवूडचं काम. स्लॅबबिब काही नाही, सरळ दीड टक्का आणि तोही वसुलीवर. बिल केलं म्हणून कमिशन नाही, पार्टीचा पैसा बँकेत आला की कमिशन. नव्वद दिवसांच्या उधारीत बिलावर कमिशन देणं म्हणजे आपल्याच खिशातून देणं. इतवारीवाल्यांनी आधी हे बघावं, स्लॅब नंतर.

सावनेर_लाइन
वसुलीवर कमिशन ठीक, पण मग स्लॅब कशावर मोजायचा? मार्चला विकलेल्या मालाचा पैसा जूनमध्ये येतो. जूनच्या वसुलीवर जूनचा स्लॅब लावला तर मार्चच्या मेहनतीला कोणता दर?

महालकर_आकडेमोड
चांगला प्रश्न. ज्यांचं नीट चालतं ते दर बिलाच्या महिन्यावरून ठरवतात आणि पैसे वसुली आल्यावर सोडतात. मार्चच्या विक्रीवर मार्चचं कमिशन काढून ठेवायचं. जूनमध्ये मार्चच्या बिलांपैकी ४० टक्के रक्कम आली तर मार्चच्या कमिशनपैकी ४० टक्के जूनच्या पगारात. हिशोब थोडा वाढतो, पण दोन प्रश्न वेगळे राहतात: किती आणि केव्हा. लकडगंजभाऊंचा सपाट दर असल्याने त्यांना "किती"चा प्रश्नच पडत नाही.

इतवारी_खातेवही
इथे बिलावरच कमिशन आहे आणि सध्या ते बदलणार नाहीत. विचारलं नाही कोणी, पण ८,१२,००० हा आकडा जीएसटी सोडून आहे. सेल्समन स्वतःच्या डायरीत जीएसटीसकट लिहितो, त्याच्याकडे ९,५८,१६० दिसतात. तो वाद आधीच मिटला, स्लॅब जीएसटीशिवायच्या रकमेवर हे त्याला मान्य आहे.

हिंगणा_एचआर
मान्य असलं तरी पत्रात लिहा. उद्या दुसरा सेल्समन आला की तोच प्रश्न परत. १८ टक्के जीएसटीच्या मालात ५,९०,००० च्या बिलांमागे विक्री ५ लाखच असते.

आणि मुख्य वादासाठी एक विचारते. आधीच्या महिन्यांत काय दिलं? पत्र दुअर्थी असेल तर प्रत्यक्ष काय चालत आलं ते बघतात. आणि शब्द संदिग्ध असतील तर ते ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध वाचायचे असा करारांच्या बाबतीत जुना नियम आहे. पत्र पेढीने लिहिलंय, सेल्समनने नाही.

इतवारी_खातेवही
आधीची पाकिटं काढली. फेब्रुवारीत उमरेड रूटची विक्री ५,४०,०००, दिले ६,८००. मार्चमध्ये कामठी रूटची ३,६०,०००, दिले ५,४००.

सक्करदरा_शीट
थांबा. ५,४०,००० ला टप्प्यापुरत्या दराने ३,००० + ३,००० + ८०० म्हणजे ६,८०० होतात. आणि ३,६०,००० ला सगळ्यावर दीड टक्का म्हणजे ५,४००. टप्प्यापुरत्या दराने ३,९०० झाले असते. दोन महिन्यांत दोन पद्धती वापरल्यात! मध्ये माणूस बदलला का? मार्चचा हिशोब एक्सेलवर केला का? शीटमधलं सूत्र जसंच्या तसं इथे टाका.

इतवारी_खातेवही
फेब्रुवारीपर्यंत जुने मुनीम वहीवर करायचे. मार्चपासून शीट आहे. सूत्र हे:

```
=B2*VLOOKUP(B2,$F$2:$G$5,2,TRUE)
```

F मध्ये 0, 300000, 500000, 800000. G मध्ये दर.

सक्करदरा_शीट
सापडलं. हे सूत्र विक्रीचा टप्पा शोधतं, त्याचा दर उचलतं आणि पूर्ण विक्रीला लावतं. म्हणजे सगळ्यावर दर. मुनीमजी टप्प्यापुरता दर लावत होते. पद्धत बदलायची असं कोणी ठरवलं नाही, शीट बनवणाऱ्याने जे सूत्र माहीत होतं ते टाकलं आणि पद्धत बदलली.

आणखी एक बारीक गोष्ट. विक्री बरोबर ८,००,००० झाली तर हे सूत्र २.५ टक्के उचलतं, कारण ते सीमेपासून पुढचा दर देतं. पत्रात मात्र "८ लाखांच्या वर" आहे, म्हणजे बरोबर ८ लाखांना २ टक्के. सगळ्यावर दर असेल तर त्या एका रुपयावर १६,००० की २०,००० हे ठरतं. टप्प्यापुरत्या दरात हा प्रश्नच नाही, सीमेवर कोणताही दर धरा, बेरीज तीच येते.

टप्प्यापुरत्या दरासाठी H स्तंभात दर लिहू नका, दरातली वाढ लिहा: 1%, 0.5%, 0.5%, 0.5%. मग:

```
=SUMPRODUCT((B2>$F$2:$F$5)*(B2-$F$2:$F$5)*$H$2:$H$5)
```

हे असं चालतं. पूर्ण ८,१२,००० ला १ टक्का, ८,१२०. ३ लाखांच्या वरच्या ५,१२,००० ला वाढीव अर्धा टक्का, २,५६०. ५ लाखांच्या वरच्या ३,१२,००० ला आणखी अर्धा, १,५६०. वरच्या १२,००० ला आणखी अर्धा, ६०. बेरीज १२,३००, मालकांचाच आकडा. लोक H मध्ये वाढीऐवजी पूर्ण दर भरतात, मग हेच सूत्र २२,३४० देतं. तपासायला सोपा उपाय: विक्री ३ लाख टाका, ३,००० यायला पाहिजेत. ५ लाखांना ६,०००, ८ लाखांना १२,०००, ८,१२,००० ला १२,३००. हे चार आकडे जुळले की सूत्र बरोबर.

रूटवाला
म्हणजे मार्चमध्ये कामठीवाल्याला सगळ्यावर दर दिला आणि एप्रिलमध्ये काटोलवाल्याची मोठी रक्कम झाली तेव्हा टप्पे आठवले. हे काही बरोबर नाही.

इतवारी_खातेवही
मुद्दाम नाही केलं. शीटने २०,३०० दाखवले, मालकांनी आकडा बघून मुनीमजींच्या पद्धतीने हाताने केला, तिथून वाद सुरू झाला. पण तुमचं म्हणणं खरं आहे, बाहेरून तसंच दिसतं.

वर्धमाननगर
मे महिन्यात एप्रिलचा माल वापस आला तर? त्याचं काय करता?

इतवारी_खातेवही
हाच पुढचा प्रश्न विचारणार होतो. काटोलच्या एका दुकानदाराने एप्रिलमधल्या मालातला २०,००० चा माल मेमध्ये वापस केला. मोटारी होत्या, व्होल्टेज जुळत नव्हतं. वापसी खरी आहे, बिघाड तपासला.

महालकर_आकडेमोड
इथे दोन्ही पद्धतींतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. एप्रिलची विक्री ७,९२,००० उरली. सगळ्यावर दर असेल तर नवं कमिशन १५,८४०. म्हणजे २०,००० च्या वापसीमुळे ४,४६० परत घ्यावे लागतात. टप्प्यापुरत्या दरात नवं कमिशन ११,८४०, परत घ्यायचे ४६०.

सेल्समनचा काही दोष नसताना त्याच्या पगारातून ४,४६० काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. बरेच जण म्हणून वापसी मेच्या विक्रीतून वजा करतात, एप्रिल उघडतच नाहीत. मेची विक्री समजा २,६०,०००, वापसी धरून २,४०,०००. कमिशन १ टक्क्याने २०० ने कमी झालं. एप्रिलमध्ये २.५ टक्क्यांनी घेतलेलं कमिशन मेमध्ये १ टक्क्याने फिरलं. खऱ्या वापसीला हे चालेल, पण वर सांगितलेल्या महिनाअखेरीच्या खोट्या बिलांना हीच वाट सापडते.

नियम असा पाहिजे की वापसी ज्या महिन्याच्या बिलाची, त्या महिन्याचं कमिशन पुन्हा मोजायचं. त्यासाठी क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख असलीच पाहिजे. टॅलीत ती भरायची सोय आहे, पण घाईत लोक रिकामी सोडतात. मग तीन महिन्यांनी कोणती मोटार कोणत्या बिलातली ते कोणालाच सांगता येत नाही.

सावनेर_लाइन
मुदत पाहिजे पण. मार्चचा माल ऑक्टोबरात वापस आला म्हणून मार्चचं कमिशन कापायचं का?

वर्धमाननगर
९० दिवस ठेवा. त्यानंतरची वापसी पेढीच्या माथी.

लकडगंज_प्लाय
९० जास्त झाले. ४५ पुरे. सेल्समनला पैसे खर्च करून झालेले असतात, नंतर कुठून देईल?

रूटवाला
टप्प्यापुरता दर बरोबर असेल, मान्य. पण उंबरठा पार केल्यावर पाकीट जाड झालं नाही तर २८ तारखेला कोण नरखेडपर्यंत जाईल? टप्प्यापुरत्या दरात ७.९० लाख आणि ८.१० लाख यांत ४५० चा फरक. पेट्रोलही सुटत नाही. ती उडी हीच तर ओढ असते.

महालकर_आकडेमोड
हा मुद्दा मला पटतो. उडी ठेवायची तर ठरलेल्या रकमेची ठेवा. टप्प्यापुरता दर, आणि ८ लाख पार झाले की वर १,००० रुपये. २०,००० वापस आले आणि सीमा हुकली तर जास्तीत जास्त ते १,००० आणि टप्प्याचा फरक जाईल, ४,४६० नाही. उडीची रक्कम अशी ठेवायची की खोटं बिल उचलायला दुकानदाराची मनधरणी करणं परवडू नये.

गोकुळपेठ_जी
मग ठरलं ना, जूनपासून टप्प्यापुरता दर. दर तेच, फक्त पद्धत लिहायची.

हिंगणा_एचआर
तसं केलंत तर चौघंही सोडून जातील. सगळ्यांचे आकडे काढून बघा.

सक्करदरा_शीट
काढले. खातेवहीभाऊंनी निरोपात दिलेली एप्रिलची विक्री: सावनेर २.५ लाख, कामठी ४ लाख, उमरेड ६.५ लाख, काटोल ८.१२ लाख.

सगळ्यावर दर: २,५०० + ६,००० + १३,००० + २०,३००, एकूण ४१,८००.
टप्प्यापुरता, तेच दर: २,५०० + ४,५०० + ९,००० + १२,३००, एकूण २८,३००.

पद्धत बदलली आणि दर तसेच ठेवले की चौघांच्या मिळून १३,५०० वर कात्री लागते. म्हणून दरही वर न्यायला लागतील. मी हे बसवून पाहिले: ३ लाखांपर्यंत १.५, त्यापुढे ५ पर्यंत २.२५, त्यापुढे ८ पर्यंत २.७५, वर ३ टक्के. आकडे येतात ३,७५० + ६,७५० + १३,१२५ + १७,६१०, एकूण ४१,२३५. पेढीचा खर्च जवळपास तोच.

इतवारी_खातेवही
हे छान बसलं. पण सावनेरवाल्याला काही जास्त न विकता १,२५० जास्त, आणि काटोलवाल्याला २,६९० कमी. सगळ्यात जास्त विकणाराच नाराज होईल.

महालकर_आकडेमोड
होणारच. सगळ्यावर दर ही पद्धत वरच्याला झुकतं माप देते, ती काढली की पैसा खाली सरकतो. दोन उपाय दिसतात. पहिल्या दीड लाखावर कमिशनच ठेवायचं नाही, ते पगारात आलं असं धरायचं, आणि वाचलेला पैसा ८ लाखांच्या वरच्या दरात घालायचा. किंवा आठ लाखांनंतर एक १० लाखांचा टप्पा वाढवायचा, म्हणजे काटोलवाल्याला पुढे जायला जागा मिळते. मला पहिला उपाय आवडतो.

सावनेर_लाइन
मला नाही आवडत. सावनेर रूटवर दुकानं छोटी, गावं लांब. त्या माणसाची अडीच लाखांची मेहनत काटोलच्या पाच लाखांएवढी असेल. पहिल्या दीड लाखाला शून्य दिलं तर तो रूट कोणी घेणार नाही. सीमा रूटप्रमाणे वेगळ्या पाहिजेत.

रूटवाला
हे मात्र अगदी खरं बोललात. रूट वेगळा, सीमा वेगळी.

गोकुळपेठ_जी
रूटप्रमाणे सीमा ठेवल्या की दरवर्षी "माझी सीमा जास्त काहून" हा वाद. कोण ठरवणार?

सावनेर_लाइन
मागच्या वर्षीच्या त्याच रूटच्या विक्रीवरून ठरवा. माणसाच्या विक्रीवरून नको, नाहीतर चांगलं विकणाऱ्याची सीमा दरवर्षी वर जाते आणि तो मुद्दाम हात आखडतो.

इतवारी_खातेवही
मालकांशी बोललो. एप्रिलचे २०,३०० पूर्ण द्यायचं ठरलं, कारण मार्चमध्ये शीटने तेच दिलं होतं आणि पत्र पेढीचं आहे. ४,४६० ची वसुली करणार नाहीत, मेच्या विक्रीतून २०,००० वजा करतील. मेचा हिशोबही शीटच्याच पद्धतीने. जूनपासून नवं पत्र. मजकूर असा लिहिलाय, चूक दिसली तर सांगा:

"कमिशन महिन्याच्या निव्वळ विक्रीवर मिळेल. निव्वळ विक्री म्हणजे जीएसटी सोडून बिलाची रक्कम, वजा त्याच महिन्याच्या बिलांवरील माल वापसी. विक्रीच्या प्रत्येक टप्प्याला फक्त त्या टप्प्याचा दर लागेल. पुढचा टप्पा गाठल्यामुळे आधीच्या टप्प्यांचा दर बदलणार नाही. उदाहरण: निव्वळ विक्री ६,५०,००० असल्यास पहिल्या ३,००,००० वर १.५ टक्के म्हणजे ४,५००, पुढील २,००,००० वर २.२५ टक्के म्हणजे ४,५००, उरलेल्या १,५०,००० वर २.७५ टक्के म्हणजे ४,१२५, एकूण १३,१२५."

हिंगणा_एचआर
उदाहरण घातलंत ते फार चांगलं केलंत, वाद झाला की लोक आधी उदाहरणच वाचतात. दोन गोष्टी राहिल्या. वापसीची मुदत लिहा. आणि पाकिटात नुसती रक्कम देऊ नका, टप्प्यांची चार ओळींची चिठ्ठी द्या. फेब्रुवारीत ६,८०० कसे आले ते उमरेडवाल्याला तेव्हाच दिसलं असतं तर त्याने तेव्हाच विचारलं असतं.

सक्करदरा_शीट
शीटमध्ये H2 ते H5 बदलायला विसरू नका: 1.5%, 0.75%, 0.5%, 0.25%. तपासायचे आकडे आता ३ लाखांना ४,५००, ५ लाखांना ९,०००, ८ लाखांना १७,२५०, ८,१२,००० ला १७,६१०. आणि जुना VLOOKUP चा स्तंभ पुसून टाका. लपवून ठेवलात तर पुढचा माणूस तोच उघडेल.

इतवारी_खातेवही
पुसला. मुदतीचं ४५ की ९० यावर मालक अडलेत. कूलरच्या मोटारी फेब्रुवारीत जातात आणि दुकानदार त्या एप्रिलच्या उन्हात पहिल्यांदा लावतो, त्यामुळे ४५ दिवसांत बिघाड कळतच नाही.

वर्धमाननगर
मग मोटारींना ९० आणि वायर-स्विचला ४५ असं वेगळं ठेवता येईल का?

महालकर_आकडेमोड
येईल, पण क्रेडिट नोटेवर मालाचा प्रकारही वेगळा दिसायला पाहिजे. टॅलीत स्टॉक ग्रुप आधीच वेगळे असतील तर सोपं आहे. बघून सांगा.